इमोजींच्या चित्राला ऑल्ट मजकूर: रंग न दिसताही अर्थ कसा पोहोचवायचा

संकेतस्थळावर रंगीत गोलांची एक रांग टाकणं फार सोपं असतं. सात वार, सात गोल, हिरवा म्हणजे चांगलं, लाल म्हणजे वाईट. कुणीतरी ती रांग फोनवर जुळवतं, तिचा स्क्रीनशॉट काढतं, आणि ते चित्र पानावर येतं. डोळ्यांना रंग नीट दिसणाऱ्या माणसाला एका नजरेत सगळं कळतं. ज्याला चित्र दिसत नाही, त्याला मात्र चित्राच्या कोडमधल्या पर्यायी मजकुरात, म्हणजे `alt` मध्ये, जे लिहिलंय तेवढंच मिळतं. तिथे बहुतेक वेळा «इमोजी» किंवा «आठवड्याचं चित्र» असे एकदोन शब्द असतात, किंवा काहीच नसतं.

हा लेख एकाच प्रकारच्या चित्राबद्दल आहे: ज्यात इमोजींचा आकार एकच आहे आणि फरक फक्त रंगाचा आहे. इमोजींच्या चित्रांमध्ये सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. हसरा चेहरा आणि रडका चेहरा कृष्णधवल केले तरी ओळखू येतात. हिरवा गोल आणि लाल गोल कृष्णधवल केले की दोन करडे गोल उरतात.

उदाहरण म्हणून एक चित्र धरू आणि शेवटपर्यंत तेच वापरू. एका मदतकक्षाच्या पानावर, कोणत्या वारी फोनची किती गर्दी असते हे दाखवणारं चित्र आहे. त्यात वारांची नावं आहेत आणि प्रत्येक नावाखाली एक गोल. क्रम असा:

सोमवार 🔴, मंगळवार 🟡, बुधवार 🟢, गुरुवार 🟢, शुक्रवार 🟡, शनिवार 🔴, रविवार ⚪

आधी अर्थ लिहून काढा, मजकूर नंतर

ऑल्ट मजकूर लिहायला बसण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहा: लाल म्हणजे काय, पिवळा म्हणजे काय, हिरवा म्हणजे काय, पांढरा म्हणजे काय. ही पायरी टाळावीशी वाटते, कारण अर्थ उघडच आहे असं वाटतं. तो उघड नसतो. आपल्या चित्रातला पिवळा गोल «थोडी गर्दी» सांगतो की «फोन उशिरा उचलला जातो» की «फक्त तातडीचं काम असेल तर फोन करा»? पांढरा गोल «कक्ष बंद» सांगतो की «या दिवसाची माहिती नाही»? दोन्हींत मोठा फरक आहे. पहिल्या अर्थाने रविवारी फोन करण्यात काही मतलब नाही, दुसऱ्या अर्थाने करून बघायला हरकत नाही.

हे चित्र दुसऱ्या कुणी बनवलं असेल तर त्यालाच विचारा. स्वतः अंदाज करून लिहू नका. ऐकणारा माणूस तो मजकूर अधिकृत माहिती म्हणून घेणार आहे, आणि चूक असली तरी चित्राकडे बघून पडताळून पाहण्याची सोय त्याला नाही. पुष्कळदा असं होतं की चित्र बनवणाऱ्यालाही पिवळ्याचा नेमका अर्थ सांगता येत नाही. तसं झालं तर आधी चित्राचा अर्थ पक्का करायला हवा, कारण डोळस वाचकांपैकी प्रत्येकजणही तो आपापल्या परीने लावत असणार.

आपल्या उदाहरणात उत्तरं अशी मिळाली असं समजू. हिरवा: फोन लगेच उचलला जातो. पिवळा: थोडं थांबावं लागतं. लाल: खूप गर्दी, फोन लागणं कठीण. पांढरा: कक्ष बंद.

आता दुसरा प्रश्न. हे चित्र बघणारा माणूस काय शोधत आलाय? गोलांची रांग बघण्यात त्याला रस नाही. त्याला ठरवायचंय की फोन कधी करावा. ऑल्ट मजकुराचा पहिला शब्द कोणता असावा, हे या प्रश्नावरून ठरतं. त्याकडे पुढे येऊ.

चुकीचे तीन मसुदे

अशा चित्राला लोक साधारण तीन प्रकारे ऑल्ट मजकूर देतात. तिन्ही का फसतात ते नीट पाहण्यासारखं आहे.

```html
<img src="gardi.png" alt="रंगीत इमोजी">
<img src="gardi.png" alt="🔴🟡🟢🟢🟡🔴⚪">
<img src="gardi.png" alt="लाल गोल, पिवळा गोल, हिरवा गोल,
 हिरवा गोल, पिवळा गोल, लाल गोल, पांढरा गोल">
```

पहिला मसुदा चित्राचा प्रकार सांगतो, मजकूर सांगत नाही. पडद्यावरचं वाचून ऐकवणारा प्रोग्राम, म्हणजे स्क्रीन रीडर, «हे चित्र आहे» असं स्वतःच सांगतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला नवीन काही मिळत नाही.

दुसरा मसुदा चलाख वाटतो, कारण इमोजी हा शेवटी मजकूरच आहे. प्रत्येक इमोजीला युनिकोडमध्ये स्वतःचं स्थान आणि नाव असतं. हिरवा गोल म्हणजे `U+1F7E2`, आणि त्याचं अधिकृत नाव `LARGE GREEN CIRCLE`. स्क्रीन रीडर इमोजी भेटला की त्याचं त्या भाषेतलं छोटं नाव बोलतात. ही नावं बऱ्याचदा सीएलडीआर या युनिकोडच्याच भाषासंग्रहातून घेतलेली असतात. म्हणजे ऐकणाऱ्याला आकार आणि रंग यांची सात नावं एकामागून एक ऐकू येणार. त्यात आणखी एक अडचण आहे: लाल आणि निळा गोल २०१० च्या युनिकोड ६.० मध्ये आले, पण हिरवा, पिवळा, नारिंगी, जांभळा आणि तपकिरी गोल २०१९ च्या १२.० आवृत्तीत आले. जुन्या उपकरणावर लाल गोलाचं नाव ऐकू येईल आणि हिरव्याच्या जागी शांतता, असंही होऊ शकतं. म्हणून ऑल्टमध्ये इमोजी घालू नका.

तिसरा मसुदा सर्वांत फसवा आहे, कारण त्यामागे मेहनत दिसते. लिहिणाऱ्याने चित्रातला प्रत्येक घटक इमानदारीने नोंदवलाय. पण ऐकणाऱ्याला सात रंग क्रमाने लक्षात ठेवायचे, त्यांना सात वार जोडायचे, आणि मग प्रत्येक रंगाचा अर्थ स्वतः लावायचा, एवढं काम त्याच्यावर पडतं. जन्मतः अंध असलेल्या माणसालाही लाल म्हणजे धोका हा संकेत माहीत असतो, तो प्रश्न नाही. प्रश्न असा की या चित्रात लाल म्हणजे नेमकं काय, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

वेब सुगम्यतेची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांच्यासोबतच्या तंत्रांच्या यादीत नेमकी ही चूक वेगळी नोंदवलेली आहे. एफ१३ या क्रमांकाखाली म्हटलंय की चित्रात रंगांच्या फरकाने जी माहिती दिली आहे ती पर्यायी मजकुरात आली नाही, तर दोन निकष मोडतात: १.१.१, म्हणजे चित्राला पर्यायी मजकूर हवा, आणि १.४.१, म्हणजे माहिती देण्यासाठी एकट्या रंगावर विसंबू नये. दोन्ही निकष अ पातळीचे, म्हणजे अगदी किमान अपेक्षेतले आहेत.

चौथा मसुदा, आणि त्यातले निर्णय

आता रंगाच्या जागी अर्थ ठेवू.

```html
<img src="gardi.png"
 alt="सोमवारी खूप गर्दी. मंगळवारी थोडी गर्दी. बुधवारी
 गर्दी नाही. गुरुवारी गर्दी नाही. शुक्रवारी थोडी गर्दी.
 शनिवारी खूप गर्दी. रविवारी बंद.">
```

हे चालेल. माहिती पूर्ण आहे, खरी आहे. पण यात सात वाक्यं आहेत, आणि «गर्दी नाही» हे शोधत असलेल्या माणसाला तिसऱ्या वाक्यापर्यंत थांबावं लागतं. डोळ्यांनी चित्र पाहणारा हिरव्या गोलांकडे थेट जातो. ऐकणाऱ्याला तसं उडी मारून जाता येत नाही: `alt` मधला मजकूर ही एकच सलग ओळ असते, तिच्यात परिच्छेद नाहीत, मथळे नाहीत, यादी नाही. तुम्ही कोडमध्ये नवीन ओळ सुरू केलीत तरी ऐकताना ती साधी मोकळी जागा होते.

म्हणून मी वारांचा क्रम मोडून अर्थानुसार गट करेन, आणि ज्यासाठी माणूस आलाय ते सर्वांत आधी सांगेन.

```html
<img src="gardi.png" lang="mr"
 alt="मदतकक्षाला फोन कधी करावा. बुधवारी आणि गुरुवारी
 फोन लगेच उचलला जातो. मंगळवारी आणि शुक्रवारी थोडं
 थांबावं लागतं. सोमवारी आणि शनिवारी खूप गर्दी असते.
 रविवारी कक्ष बंद असतो.">
```

यात एकही रंग नाही, तरी चित्रातली सगळी माहिती आहे. काहींना हे खटकतं. चित्र रंगीत आहे आणि वर्णनात रंग नाही, हे अपूर्ण नाही का? माझ्या मते नाही. इथे रंग हे अर्थ पोहोचवण्याचं साधन होतं, आणि अर्थ शब्दांनी पोहोचला आहे. फक्त एका परिस्थितीत रंगाचं नाव जोडावं लागतं: पानावर इतरत्र कुठे «लाल दिवशी फोन टाळा» असं लिहिलं असेल, किंवा फोनवर बोलणारा कर्मचारी «हिरव्या दिवशी करा» असं म्हणत असेल. तेव्हा ऐकणाऱ्यालाही रंगांची ओळख हवी. मग «हिरवे दिवस, म्हणजे बुधवार आणि गुरुवार: फोन लगेच उचलला जातो» असं लिहा. रंग आणि अर्थ दोन्ही, आणि रंग अर्थाला चिकटून.

गट करण्याचा निर्णय प्रत्येक वेळी बरोबर ठरेल असं नाही. चित्र एखाद्या प्रकल्पाच्या टप्प्यांचं असेल, पहिला टप्पा पूर्ण, दुसरा चालू, तिसरा अडकलेला, तर क्रम हाच अर्थ असतो. तिथे क्रम मोडला तर माहिती मोडते. स्वतःला विचारा: गोलांची जागा बदलली तर चित्राचा अर्थ बदलतो का? बदलत असेल तर क्रमाने लिहा.

कानांसाठी लिहिण्याच्या काही गोष्टी

लिहिलेलं वाचायला चांगलं वाटतं पण ऐकायला गोंधळाचं, असं ऑल्ट मजकुरात फार होतं. मराठीत विशेषतः तीन जागी.

वारांची संक्षिप्त रूपं टाळा. «सो., मं., बु.» हे डोळ्याला कळतं. आवाज मात्र «सो», «मं», «बु» असं तुटक बोलतो, आणि टिंबाला वाक्य संपलं असं समजून थांबतो. पूर्ण नाव लिहा.

आडव्या रेघेवर अर्थ सोपवू नका. «बुधवार–गुरुवार» मधली रेघ काही स्क्रीन रीडर बोलतात, काही गिळतात, ते ज्याच्या त्याच्या विरामचिन्हांच्या सेटिंगवर अवलंबून असतं. अपूर्णविराम, कंस, तिरकी रेघ यांचंही तसंच. वाक्य असं लिहा की विरामचिन्हं एकही बोलली गेली नाहीत तरी अर्थ राहील. «आणि», «ते», «पासून» हे शब्द बिनधास्त वापरा. पूर्णविरामाचा मात्र खरा उपयोग होतो, तिथे आवाज थांबतो आणि ऐकणाऱ्याला श्वास मिळतो.

तिसरी गोष्ट `lang="mr"`. ही वरच्या कोडमध्ये मी मुद्दाम घातली आहे. संपूर्ण पानाची भाषा `<html lang="mr">` अशी दिलेली असेल तर चित्राला वेगळी द्यायची गरज नाही. पण कितीतरी मराठी संकेतस्थळांचा साचा बाहेरून घेतलेला असतो आणि त्यात `lang="en"` तसंच राहिलेलं असतं. तसं असेल तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाकडे देऊ शकतो, आणि त्या आवाजाला देवनागरी येत नसेल तर तो अक्षरं गाळतो किंवा भलतंच काही बोलतो. `lang` हे ज्या घटकावर असतं त्याच्या `alt` लाही लागू होतं. पानाची भाषा दुरुस्त करणं हा योग्य उपाय, चित्रावर `lang` देणं हा तोपर्यंतचा.

लांबीबद्दल एक समज पसरलेला आहे की ऑल्ट मजकूर १२५ अक्षरांपेक्षा मोठा नसावा. असा नियम मानकात कुठेही नाही. आमचा मसुदा त्यापेक्षा लांब आहे आणि तसाच राहू द्यावा असं मला वाटतं, कारण त्यातलं एकही वाक्य काढलं तर एखाद्या वाराची माहिती जाते. मात्र एक मर्यादा खरी आहे, तिच्याकडे खाली येऊ.

आणखी एक तांत्रिक बारकावा: मजकुरात दुहेरी अवतरण चिन्ह असेल तर ब्राउझरला `alt` तिथेच संपलं असं वाटतं आणि पुढचं सगळं नाहीसं होतं. तिथे `&quot;` लिहा, किंवा सरळ अवतरणच टाळा.

ज्याला चित्र दिसतं पण रंग वेगळे दिसत नाहीत

इथवर केलेल्या कामाचा ज्यांना काहीच उपयोग झाला नाही, असा एक मोठा गट आहे. ऑल्ट मजकूर पडद्यावर दिसत नाही. चित्र नीट उघडलं तर तो फक्त स्क्रीन रीडरला मिळतो. रंगांधळेपणा असलेली व्यक्ती सहसा स्क्रीन रीडर वापरत नाही. तिला चित्र दिसतं, गोल दिसतात, आणि लाल कोणता, हिरवा कोणता, हे कळत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये सुमारे ८ टक्क्यांना लाल आणि हिरवा यांत फरक करायला अडचण येते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण अर्धा टक्क्याच्या आसपास आहे. इतर लोकसंख्यांत आकडे कमीजास्त आहेत, पण असे वाचक सगळीकडे आहेत.

त्यामुळे «ऑल्ट लिहिला, झालं» असं या चित्राबाबत म्हणता येत नाही. वर उल्लेख केलेला १.४.१ हा निकष दिसणाऱ्या चित्राबद्दलच आहे. चित्रातच काहीतरी बदलावं लागेल, आणि तीन मार्ग आहेत.

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे प्रत्येक गोलाखाली शब्द लिहिणं: «लगेच», «थोडं थांबा», «खूप गर्दी», «बंद». शब्द आले की रंग हे फक्त नजर पटकन वळवण्याचं काम करतात, आणि ते काम त्यांनी खुशाल करावं. दुसरा मार्ग म्हणजे आकार बदलणं, जसं लगेचसाठी ✅, थोडं थांबण्यासाठी ⏳, गर्दीसाठी ⛔. कृष्णधवल छापलं तरी हे वेगळे ओळखू येतात. पण ⏳ चा अर्थ वाचकाला पुन्हा शोधावाच लागतो, म्हणून शब्दांना मी वरचं स्थान देतो. तिसरा मार्ग म्हणजे चित्राला हात न लावता त्याच्याखाली सगळ्यांना दिसणारी एक ओळ लिहिणं.

रंगसूची, म्हणजे चित्राच्या कोपऱ्यात «🟢 लगेच, 🟡 थांबा, 🔴 गर्दी», हा उपाय लोकांना पुरेसा वाटतो. तो पुरत नाही. सूचीतला हिरवा आणि रांगेतला हिरवा एकच आहेत हे ओळखायलाच तर रंग दिसावा लागतो.

तपासण्यासाठी क्रोममध्ये पान उघडा, `F12` दाबा, मग `Ctrl+Shift+P` दाबून `Show Rendering` लिहा. उघडलेल्या भागात खाली `Emulate vision deficiencies` सापडेल. त्यातला `Deuteranopia` निवडला की हिरवा आणि लाल दोन्ही पिवळसर-तपकिरी छटांकडे सरकतात. `Achromatopsia` निवडलं की रंग पूर्ण जातात आणि फक्त उजेडाचा फरक उरतो. फायरफॉक्समध्ये हीच सोय विकसक साधनांच्या `Accessibility` भागात `Simulate` नावाने आहे. ही अनुकरणं आहेत, प्रत्येक माणसाची दृष्टी अशीच असेल असं नाही, पण आपलं चित्र कुठे कोसळतं ते दिसायला पुरेशी आहेत. इथे फसगत होण्याची एक जागा आहे: पिवळा गोल उजळ असल्यामुळे तो लालपासून वेगळा दिसतो, आणि आपल्याला वाटतं की काम भागलं. फरक दिसतो, हे खरं. पण अर्थ आधीच माहीत असल्यामुळे आपण तो फरक वाचतो. नव्या वाचकाला दोन छटा दिसतात, त्यांतली «गर्दी» कोणती ते कळत नाही.

चित्राखाली मजकूर आला की ऑल्टचं काय

समजा तुम्ही तिसरा मार्ग घेतला आणि चित्राखाली तीच माहिती ओळीने लिहिली. आता ऑल्टमध्येही तीच वाक्यं ठेवली तर ऐकणाऱ्याला सगळं दोनदा ऐकावं लागेल. अशा वेळी ऑल्ट आखूड करा आणि तो कुठे बघायचं ते सांगू द्या.

```html
<figure>
 <img src="gardi.png"
  alt="वारांनुसार फोनची गर्दी. तपशील चित्राखाली आहे.">
 <figcaption>बुधवारी आणि गुरुवारी फोन लगेच उचलला जातो.
 मंगळवारी, शुक्रवारी थोडं थांबावं लागतं. सोमवारी,
 शनिवारी खूप गर्दी. रविवारी बंद.</figcaption>
</figure>
```

मला ही मांडणी सर्वांत आवडते, कारण एकच मजकूर सगळ्यांना मिळतो: ज्याला दिसत नाही त्याला, ज्याला रंग कळत नाहीत त्याला, आणि ज्याच्या मंद इंटरनेटवर चित्र उघडलंच नाही त्यालाही. शिवाय तो मजकूर निवडता येतो, शोधता येतो, मोठा करता येतो.

लांबीची खरी मर्यादा इथे येते. समजा चित्रात प्रत्येक वारी सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन गोल आहेत, म्हणजे एकूण २१. ते ऑल्टमध्ये बसवण्याचा हट्ट धरू नका. जी माहिती चारपाच वाक्यांत सांगता येत नाही, ती ऐकणाऱ्याला मागेपुढे जाऊन तपासता यायला हवी, आणि ऑल्टमध्ये ती सोय नाही. तिथे पानावर खरा तक्ता द्या.

```html
<tr>
 <th scope="row">बुधवार</th>
 <td>लगेच</td> <td>थोडं थांबा</td> <td>लगेच</td>
</tr>
```

`scope` मुळे स्क्रीन रीडर वापरणारा एखाद्या कप्प्यात गेला की ओळीचं शीर्षक त्याला सोबत ऐकू येतं. वरच्या ओळीतल्या सकाळ, दुपार, संध्याकाळ या शीर्षकांना `scope="col"` द्या. `aria-describedby` वापरून हा तक्ता चित्राला जोडण्याचा मोह टाळा, कारण त्या मार्गाने पोहोचणारा मजकूर पुन्हा एका सलग ओळीत सपाट होतो आणि तक्त्याचा फायदाच जातो. माहिती `title` मध्ये ठेवणंही निरुपयोगी आहे, कारण ती माउस वर नेल्याशिवाय दिसत नाही, आणि फोनवर माउस नसतो.

आणि इमोजी जर चित्रात नसून पानावर थेट टाइप केलेले असतील, तर काम आणखी सोपं. शेजारी शब्द लिहा आणि इमोजी `<span aria-hidden="true">` मध्ये ठेवा, म्हणजे आवाज फक्त शब्द बोलेल.

रंग हाच अर्थ असतो तेव्हा

एक उलटी परिस्थिती नोंदवून ठेवायला हवी. चित्रात सात रंगांची बदामं आहेत आणि मजकूर म्हणतो «यांतला एक स्टिकर निवडा». इथे रंग दुसऱ्या कशाचं चिन्ह नाही. निवडायचा आहे तो रंगच. मग ऑल्टमध्ये रंगांची नावं आलीच पाहिजेत: «लाल, नारिंगी, पिवळ्या, हिरव्या, निळ्या, जांभळ्या आणि काळ्या रंगांची बदामं». अंध माणसालाही आपण कोणत्या रंगाचा स्टिकर पाठवतोय हे ठरवायचं असतं. तिसऱ्या, उलट टोकाला, पानाच्या कडेला शोभेसाठी पसरलेले रंगीत इमोजी असतात. त्यांना `alt=""` द्या, म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून जाईल. `alt` पूर्ण गाळणं आणि रिकामं देणं या वेगळ्या गोष्टी आहेत: गाळलं तर काही स्क्रीन रीडर `IMG_2041.png` असं फाइलचं नाव बोलायला लागतात.

लावणं आणि ऐकून बघणं

वर्डप्रेससारख्या प्रणालीत चित्र निवडलं की उजव्या बाजूला `Alternative text` चा रकाना दिसतो. तिथेच `Title`, `Caption`, `Description` हेही रकाने आसपास असतात, आणि मजकूर घाईत चुकीच्या रकान्यात पडतो. दुसरा घोळ असा: माध्यमसंग्रहात नंतर ऑल्ट बदलला, तरी ज्या पानांवर चित्र आधीच घातलेलं आहे तिथे जुनाच राहतो. ती पानं उघडून तिथला रकाना वेगळा दुरुस्त करावा लागतो. आणि चित्र जर साच्याच्या सीएसएसमध्ये पार्श्वभूमी म्हणून लावलेलं असेल, तर त्याला ऑल्ट देताच येत नाही. अर्थ असलेलं चित्र तिथून काढून `<img>` मध्ये आणा.

मग ऐका. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. पान उघडून `G` दाबलं की तो पुढच्या चित्रावर जातो आणि ऑल्ट वाचतो. आवाजाची सवय नसेल तर त्याच्या `Tools` मेनूतला `Speech Viewer` उघडा, जे बोललं जातंय ते तिथे लिहून येतं. मॅकवर `Cmd+F5` दाबून व्हॉइसओव्हर सुरू होतो, अँड्रॉइडवर टॉकबॅक आहे. पडद्याकडे न बघता ऐका आणि एकच प्रश्न विचारा: फोन कोणत्या वारी करावा हे मला कळलं का? त्याहून खात्रीची चाचणी म्हणजे हे पान कधीच न पाहिलेल्या एखाद्याला फोनवरून फक्त ऑल्ट मजकूर वाचून दाखवायचा आणि त्याला रिकाम्या कागदावर वार आणि गर्दी मांडायला सांगायचं. त्याचा कागद आणि तुमचं चित्र जिथे जुळत नाहीत, तिथे मजकूर अपुरा आहे. «म्हणजे शुक्रवारीसुद्धा थांबावं लागतं ना?» असा प्रश्न त्याने विचारला, तर शुक्रवारचं वाक्य पुन्हा लिहा.

शेवटचं एक काम दर वेळी करावं लागतं. अशी चित्रं बदलत राहतात. `gardi.png` याच नावाने नवीन चित्र चढवलं की पानावर गोल बदलतात आणि ऑल्ट जुनाच राहतो. बघणाऱ्यापैकी कुणालाही ते लक्षात येत नाही, आणि ऐकणारा मात्र गेल्या महिन्याच्या माहितीवर विसंबून सोमवारी फोन लावतो. यावर उपाय म्हणजे चित्राच्या मूळ फाइलशेजारीच एका साध्या मजकूर फाइलमध्ये ऑल्टची वाक्यं ठेवणं, आणि चित्र बनवणाऱ्यानेच गोल बदलताना ती वाक्यंही बदलून दोन्ही एकत्र पाठवणं. पान सांभाळणाऱ्याने ती फाइल सोबत आली नसेल तर नवीन चित्र चढवू नये.